जिन्याला ग्रॅनाइट किती लागेल? पायऱ्या सोळा, नाकं अठरा

आमच्या घराचा जिना करताना मी पायऱ्या मोजल्या, सोळा भरल्या, आणि दुकानात जाऊन सोळा पायऱ्यांचा दगड, कड गोल करायच्या मोल्डिंगसकट, सांगून आलो. लँडिंगला आणि वरच्या मजल्यावर घरातलीच फरशी येणार होती. दगड आला, बसायला लागला, आणि तिसऱ्या दिवशी मिस्त्री खाली येऊन म्हणाला, "सायेब, पायऱ्या सोळा हायत, पण नाकं अठरा लागत्यात. दोन कुठं हायत?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्याने वर नेऊन दाखवलं. खालची फ्लाइट, म्हणजे पायऱ्यांची सलग रांग, चढून जिथे आपण लँडिंगवर पाय ठेवतो, तिथे रायझर, म्हणजे पायरीची उभी बाजू, आहे, पण त्यावर पायरी नाही, लँडिंग आहे. त्या कडेलाही बाकीच्या पायऱ्यांसारखं पुढे आलेलं गोल नाक, म्हणजेच नोजिंग, हवं. वरच्या मजल्यावर पोचतो तिथेही तेच. मी फरशी कडेपर्यंत आणायची असं डोक्यात धरलं होतं, म्हणजे दोन्हीकडे फरशीची कच्ची कड उघडी दिसली असती. दोन पट्ट्यांसाठी पुन्हा दुकान गाठलं, तर तो लॉट संपलेला. दुसऱ्या लॉटचा दगड आणला. आजही ऊन खिडकीतून आलं की त्या दोन पट्ट्या वेगळ्या दिसतात.

तेव्हापासून ओळखीच्यांच्या जिन्यांची मापं मीच काढतो. खाली एका साध्या जिन्याचा पूर्ण हिशोब करून दाखवतो. तुमची मापं वेगळी असतील, पद्धत हीच.

आधी उंची, मग पायऱ्या

टेप घेऊन थेट पायरीची रुंदी मोजायला लागू नका. पहिलं माप म्हणजे खालच्या तयार फरशीच्या माथ्यापासून वरच्या तयार फरशीच्या माथ्यापर्यंतची उंची. 'तयार' हा शब्द महत्त्वाचा. काँक्रीटपासून काँक्रीटपर्यंत मोजलं आणि दोन्ही मजल्यांच्या फरशीची जाडी सारखी नसली, तर सगळं गणित सरकतं.

आपल्या उदाहरणातला जिना नेहमीचा डॉगलेग आहे, म्हणजे अर्धा चढून, लँडिंगवर वळून, उरलेला अर्धा उलट दिशेने चढायचा. तयार उंची साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच. रायझर सात इंचांचा धरला तर १८ रायझर, नऊ-नऊच्या दोन फ्लाइट. राष्ट्रीय बांधकाम संहितेत (२०१६) घरगुती जिन्याचा रायझर जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि ट्रेड, म्हणजे पायरीची आडवी खोली, नोजिंग न धरता कमीत कमी २५० मिलिमीटर सांगितला आहे. आपला रायझर सात इंच म्हणजे १७८ मिलिमीटर आणि ट्रेड दहा इंच म्हणजे २५४, तेव्हा आपण दोन्हीकडे बसतो.

आता मिस्त्रीचं ते गणित. प्रत्येक फ्लाइटमध्ये शेवटच्या रायझरवर पायरी नसते, लँडिंग किंवा मजला असतो. म्हणून पायऱ्या रायझरपेक्षा फ्लाइटमागे एक कमी. दोन फ्लाइट, १८ रायझर, १६ पायऱ्या. नोजिंग मात्र प्रत्येक रायझरच्या डोक्यावर लागतं, म्हणून ती १८. जिना कसाही असो, तीन फ्लाइटचा असो की सरळ एकाच फ्लाइटचा, हे चुकत नाही.

पहिली आणि शेवटची पायरी

हे दगडाच्या प्रमाणाशी थेट जुळलेलं नाही, पण इथेच सगळ्यात जास्त जिने बिघडतात, म्हणून थांबतो.

समजा सेंट्रिंगवाल्याने काँक्रीटचे सगळे रायझर बरोबर सात इंचांचे केले. घरातल्या फरशीखाली माल आणि फरशी मिळून दोन इंच भरले. पायऱ्यांवर माल आणि ग्रॅनाइट मिळून दीडच इंच. आता पहिली पायरी काँक्रीटवरून सात अधिक दीड, म्हणजे साडेआठ इंचांवर आली, पण खालची फरशी दोन इंच वर आलेली आहे, म्हणून पाय ठेवायला साडेसहाच इंच उरले. वरच्या टोकाला उलटं होतं. शेवटची पायरी दीड इंच वाढली, मजला दोन इंच, म्हणून शेवटचा रायझर साडेसात इंचांचा. चढताना पाय सातची सवय करून घेतो आणि शेवटी अडखळतो. पाहुणे आले की एकजण तरी तिथे ठेचकाळतोच.

यावर उपाय मापाच्या दिवशीच करायचा. भिंतीच्या बाजूला खालच्या आणि वरच्या तयार फरशीची पातळी ट्यूब लेव्हलने किंवा लेझरने खूण करून घ्या. मधली उंची १८ने भागा आणि प्रत्येक पायरीच्या तयार माथ्याची रेघ भिंतीवर मारा. मग प्रत्येक रेघेपासून खाली काँक्रीटपर्यंत किती अंतर आहे ते बघा. दीड ते दोन इंचांच्या आसपास असेल तर ठीक. कुठे पाऊण इंचच असेल तर दगडाखाली माल बसणार नाही, तिथे काँक्रीट छिन्नीने खरवडावं लागेल. कुठे तीन इंच असेल तर आधी बारीक खडीच्या काँक्रीटने भरून घ्यावं. नुसत्या मालाचा इतका जाड थर नंतर आकसतो आणि दगड पोकळ वाजायला लागतो.

पायरीच्या दगडाची खोली: नोजिंग कुठे मिळवायचं

दुकानात सर्रास 'एक फुटाची पायरी' सांगतात. कधी ते बरोबर येतं, कधी अर्धा इंच कमी पडतं. खरं माप तीन गोष्टींची बेरीज आहे.

पहिली गोष्ट ट्रेड. एका रायझरच्या तयार पृष्ठभागापासून पुढच्या रायझरच्या तयार पृष्ठभागापर्यंतचं आडवं अंतर. आपल्या जिन्यात दहा इंच. रायझरचा दगड आणि त्यामागचा माल मिळून काँक्रीटच्या पुढे साधारण दीड इंच येतात, पण ते प्रत्येक पायरीवर सारखेच येत असल्याने दहाचे दहाच राहतात. फरक पडतो तो फक्त जिन्याच्या पायथ्याशी. तिथे पहिला रायझर दीड इंच पुढे सरकतो. जवळ दरवाजाची चौकट असेल तर आधीच बघा.

दुसरी गोष्ट नोजिंग, म्हणजे पायरी खालच्या रायझरच्या पुढे किती काढायची. एक इंच पुरे. दीड इंचाच्या पुढे गेलं की चढताना बुटाचं टोक खालून अडकतं, शिवाय कड टेकूशिवाय लोंबते आणि वरून जड वस्तू पडली की टवका उडतो. नोजिंगने पायरी 'मोठी' होते हा गैरसमज आहे. पाय ठेवायला थोडी जागा वाढते खरी, पण एका नाकापासून पुढच्या नाकापर्यंतचं अंतर दहाच इंच राहतं.

तिसरी गोष्ट म्हणजे रायझर कुठे उभा राहतो. नेहमीच्या पद्धतीत पुढचा रायझर पायरीच्या दगडावर उभा करतात. मग पायरी रायझरच्या जाडीइतकी त्याच्या खाली जायला हवी. १८ मिलिमीटरचा ग्रॅनाइट धरला तर पाऊण इंच. काही मिस्त्री आधी रायझर खालपर्यंत उभा करून पायरी त्याला भिडवतात. तेव्हा हा पाऊण इंच लागत नाही, पण रायझरची उंची तेवढी वाढते.

आपण नेहमीची पद्धत धरू. पायरीची खोली दहा अधिक एक अधिक पाऊण, म्हणजे पावणेबारा इंच. रायझरची उंची सातातून वरच्या पायरीची जाडी वजा, म्हणजे सव्वासहा इंच. प्रत्यक्षात मिस्त्री रायझर एक सूत कमीच कापतो, म्हणजे वर स्लरीला जागा राहते. कोणती पद्धत वापरणार हे मिस्त्रीला दगड घेण्याआधी विचारा. पायऱ्या एका पद्धतीने आणि रायझर दुसऱ्या पद्धतीने कापून आणलेले मी पाहिले आहेत. तिथे प्रत्येक पायरीमागे पाऊण इंचाची फट राहिली आणि ती शेवटी मालाने लिंपली.

लांबी आणि उघडी बाजू

फ्लाइटची रुंदी साडेतीन फूट, ४२ इंच. हे माप प्लास्टर झाल्यावर घ्यायचं. आधी घेतलं तर भिंतीच्या बाजूने अर्धा-पाऊण इंच वजा करा. आणि एकच पायरी मोजून सोळाने गुणू नका. प्रत्येक पायरी पुढे आणि मागे मोजून वहीत लिहा. सरळ दिसणाऱ्या जिन्यातही एक इंचाचा फरक निघतो. दगड सगळ्यात मोठ्या मापाने घ्यायचा आणि जागेवर भिंतीच्या बाजूने कापायचा.

दुसरी बाजू उघडी आहे, दोन फ्लाइटच्या मधल्या पोकळीकडची. तिथे पायरीचा दगड बाजूनेही एक इंच बाहेर काढला की खालचं प्लास्टर झाकलं जातं आणि पाणी थेट त्यावर ओघळत नाही. म्हणून पायरीची लांबी ४३ इंच. रायझर मात्र प्लास्टरशी लेव्हलमध्ये संपतो, ४२ इंच. रेलिंगचे खांब पायरीवर उभे राहणार असतील तर भोकं कडेपासून दोन-अडीच इंच आत घ्या, नाहीतर ड्रिल करतानाच कोपरा निघून येतो.

आता बेरीज करू. मापं इंचात गुणायची आणि १४४ने भागायचं, म्हणजे चौरस फूट मिळतात.

पायऱ्या: १६ × ४३ × ११.७५ = ८,०८४ चौरस इंच, म्हणजे ५६.१ चौरस फूट.
रायझर: १८ × ४२ × ६.२५ = ४,७२५ चौरस इंच, म्हणजे ३२.८ चौरस फूट.

लँडिंग आणि वरची पट्टी

दोन फ्लाइट ४२-४२ इंचांच्या आणि मधली पोकळी सहा इंच, म्हणून लँडिंगची लांबी ९० इंच. खोली तयार रायझरपासून मागच्या भिंतीपर्यंत ४२ इंच. त्यात कडेचं एक इंच नोजिंग मिळवलं की ४३. खालच्या फ्लाइटच्या डोक्यावर आणि पोकळीच्या तोंडाशी ही कड बाहेर निघते. दुसऱ्या फ्लाइटच्या पायथ्याशी तिच्यावर रायझर उभा राहतो, तिथे मोल्डिंग नको. ९० × ४३ = ३,८७० चौरस इंच, म्हणजे २६.९ चौरस फूट.

वरच्या मजल्यावर घरातली फरशीच असली तरी कडेला ग्रॅनाइटची पट्टी घ्या. एक फूट खोल आणि ४३ इंच लांब, ३.६ चौरस फूट. जिना तिथेच संपत असेल आणि पोकळीभोवती रेलिंग येणार असेल, तर त्या उघड्या कडेलाही पट्टी लागते. ती रनिंग फुटात वेगळी मोजा.

लँडिंगचा दगड किती मोठा घ्यायचा, हा प्रश्न वजनाचा आहे. १८ मिलिमीटर ग्रॅनाइटचं वजन चौरस फुटाला साधारण साडेचार किलो. एक पायरी १६ किलोची, एकटा माणूस उचलतो. पण लँडिंगची पुढची साडेबारा इंचांची मोल्डिंगची पट्टी वेगळी काढली, तरी मागचा ९० बाय साडेतीस इंचांचा अखंड तुकडा ८५ किलोच्या वर जातो आणि अर्धवट जिन्यात वळत नाही. तो मध्यावर कापून दोन तुकडे करा, सांधा पोकळीच्या मध्यावर येईल असा. तिथे तो डोळ्यांना खटकत नाही.

स्कर्टिंग भिंतीच्या बाजूने पायरीपायरीने चढतं. प्रत्येक पायरीला आडवे दहा आणि उभे सात, मिळून १७ इंच. १६ पायऱ्यांचे २७२, दोन शेवटच्या रायझरचे १४ आणि लँडिंगच्या तीन भिंतींचे ९०, ४२ आणि ४२. एकूण ४६० इंच. चार इंच उंचीचं स्कर्टिंग धरलं तर १२.८ चौरस फूट.

सगळं मिळून १३२ चौरस फूट. हा निव्वळ दगड झाला.

स्लॅबमधून काय निघतं, तेच खरं

इथे बहुतेकजण दहा टक्के वेस्टेज धरून १४५ चौरस फूट सांगून मोकळे होतात. जिन्याला ही टक्केवारी चालत नाही. दगड चौरस फुटांवर विकला जातो, पण येतो ठरावीक रुंदीच्या स्लॅबमध्ये, आणि आपल्याला त्यातून पावणेबारा इंचांच्या पट्ट्या काढायच्या असतात. स्लॅबची रुंदी पट्ट्यांना जुळली नाही तर वीस-बावीस टक्के सहज वाया जातात.

सव्वादोन फूट, म्हणजे २७ इंच रुंद आणि आठ फूट लांब स्लॅब घ्या. रुंदीत दोन पायऱ्या बसतात, साडेतेवीस इंच. ब्लेडचा काप आणि खडबडीत कड धरून उरतात जेमतेम तीन इंच. लांबीत दोन पायऱ्या. म्हणजे १८ चौरस फुटांच्या स्लॅबमधून चार पायऱ्या, १४ चौरस फूट. बाकीचे चार फूट तुकडे. स्कर्टिंग चारऐवजी तीन इंचांचं ठेवलं तर त्या उरलेल्या पट्ट्या कामाला येतात. नाहीतर घरी नेऊन कुंड्यांखाली ठेवा.

आता ३१ इंच रुंद आणि साडेसात फूट लांब स्लॅब घ्या. रुंदीत दोन पायऱ्या आणि त्यांच्या शेजारी एक रायझर, मिळून पावणेतीस इंच. दोन काप आणि कडा धरून ३१ पुरतात. लांबीत दोन. एका स्लॅबमधून चार पायऱ्या आणि दोन रायझर, आणि वाया जातात फक्त आठ-नऊ टक्के. दगड तोच, दरही तोच. फरक फक्त रुंदीचा.

दुकानात स्लॅब उभे रचलेले असतात. टेप घेऊन स्वतः रुंदी मोजा आणि कड सगळ्यात अरुंद असेल तिथे मोजा. आपल्या जिन्याची वाटणी कागदावर अशी येते.

पहिले चार स्लॅब, ३१ × ९० इंच: १६ पायऱ्या आणि ८ रायझर.
पाचवा स्लॅब, त्याच मापाचा: ८ रायझर आणि स्कर्टिंगची एक लांब पट्टी.
सहावा स्लॅब, त्याच मापाचा: उरलेले २ रायझर, वरच्या मजल्याची पट्टी आणि उरलेल्या भागातून स्कर्टिंग.
सातवा आणि आठवा, ३१ × ९६ इंच: लँडिंग. एकातून साडेतीस इंचांचा मागचा भाग, दुसऱ्यातून साडेबारा इंचांची पुढची मोल्डिंगची पट्टी.

आठव्या स्लॅबमध्ये जवळजवळ १८ इंच रुंदी उरते. ती फुकट गेली असं वाटतं, पण त्यातून दोन पायऱ्या निघतात आणि स्कर्टिंगची एक पट्टीही. स्कर्टिंग पाचव्या-सहाव्या स्लॅबमधून साधारण वीस इंच कमी पडतं, ते इथे भरून निघतं. दोन जादा पायऱ्या कापून, मोल्डिंग करून घरात ठेवा. बसवताना एक तुटतेच, आणि पाच वर्षांनी तुटली तर त्या लॉटचा दगड कुठे शोधणार?

बिलात आठ स्लॅबचे साधारण १५८ चौरस फूट येतात. दहा टक्क्यांच्या हिशोबाने गेला असता तर १३ फूट कमी पडले असते, आणि मग माझ्यासारखी दुसऱ्या लॉटची पट्टी आली असती. स्लॅब निवडताना सगळे एकाच लॉटचे, शक्यतो सलग नंबरचे घ्या. दाणा किंवा रेषा असलेला दगड असेल तर रेषा पायरीच्या लांबीला जाईल असं कापायला सांगा, आणि तसं मापाच्या कागदावर लिहून द्या.

काही दुकानं स्लॅबऐवजी कापलेले तुकडे विकतात. तिथे माप वरच्या तीन इंचांच्या पटीत धरण्याची पद्धत असेल, तर पावणेबाराची पायरी बाराची आणि सव्वासहाचा रायझर नऊचा मोजला जातो. रायझरमध्ये हा फरक फार मोठा आहे, तेव्हा दर ठरवण्याआधी माप कसं धरणार ते विचारून घ्या.

मोल्डिंगचं बिल वेगळं

मोल्डिंग रनिंग फुटावर असतं आणि दगडाच्या दरात धरलेलं नसतं. आपल्या जिन्यात १६ पायऱ्यांच्या पुढच्या कडा, वरची पट्टी आणि लँडिंगची ४८ इंच कड (४२ फ्लाइटच्या, ६ पोकळीच्या), मिळून साधारण ६५ रनिंग फूट. उघड्या बाजूची टोकंही गोल करायची तर आणखी १६ फूट. ही टोकं विसरली की जिना उतरताना प्रत्येक पायरीची करवतीने कापलेली पांढरट कड समोर येते. रायझरच्या उघड्या टोकाला मोल्डिंग नको, नुसतं पॉलिश पुरे.

अर्धगोल मोल्डिंग घरगुती जिन्याला उत्तम. कड जाड दिसावी म्हणून खालून दुसरी पट्टी चिकटवून 'डबल' मोल्डिंग करतात. त्याला दोन इंचांची पट्टी धरली तरी दहा-अकरा चौरस फूट दगड जादा लागतो, आणि ती पट्टी खाली उतरते तेवढी रायझरची दिसणारी उंची कमी होते. दिसायला भारदस्त, पण माझ्या मते दीड इंचांची कड छोट्या जिन्याला जड वाटते.

पॉलिश केलेला ग्रॅनाइट ओल्या पायाला घसरतो. कडेपासून दीडेक इंच आत दोन किंवा तीन खाचा मारून घ्या. त्याही रनिंग फुटावर असतात. गच्चीवरचा, पाऊस लागणारा जिना असेल तर पॉलिश टाळून लेदर किंवा फ्लेमसारखं खरखरीत फिनिश घ्या. तिथे खाचांत शेवाळ साचतं आणि ते घासून काढणं हे दरवर्षीचं काम होऊन बसतं.

टाइल लावायची असेल तर

हिशोब तोच, फक्त टाइल नगावर मोजायची. बाजारात पायरीसाठी १२०० × ३०० मिलिमीटरची, कड आधीच गोल केलेली आणि खाचा असलेली टाइल मिळते, सोबत रायझरची वेगळी टाइल. ३०० मिलिमीटर म्हणजे पावणेबारा इंचांहून जरा जास्त, आणि टाइलची जाडी ग्रॅनाइटपेक्षा कमी असल्याने आपल्या पायरीला साडेअकराच्या आसपासच लागते. म्हणजे ती आपल्या जिन्यात बसते. जादा भाग नेहमी मागून कापायचा. नोजिंगच्या बाजूने कापलं की तयार कडच गेली. लांबीत १२०० मिलिमीटर म्हणजे सव्वासत्तेचाळीस इंच, ४३चा तुकडा काढल्यावर चार इंच उरतात, त्यातून काही होत नाही. १६ पायऱ्या, लँडिंगच्या ४८ इंच कडेला एक टाइल पाऊण इंच कमी पडते म्हणून दोन, वरच्या कडेची एक, आणि दोन जादा, अशा २१ घ्या. रायझर १८ आणि दोन जादा.

लँडिंगच्या कडेला घातलेल्या पायरीच्या टाइलमागे नेहमीची फरशी येते. पण दोन्हींची जाडी वेगळी असेल तर माथा एक होण्यासाठी खालचा थर कमीजास्त करावा लागतो, हे मिस्त्रीला आधी सांगा.

साधी फरशी ४५ अंशांत घासून पायरीची कड करू नका. ती धारदार कड पहिल्याच वर्षी टवके टाकते. साधीच फरशी वापरायची असेल तर कडेला स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं नोजिंग प्रोफाइल लावा.

बसवताना काय बघायचं

मिस्त्री वरून काम सुरू करतो की खालून, यावर वाद घालू नका, पण रेघांप्रमाणे करतो का ते बघा. प्रत्येक पायरी बसली की लेव्हल ठेवा. पायरीला पुढे अगदी किंचित, सूतभर उतार चालतो. मागे उतार असेल तर पुसताना पाणी रायझरच्या मुळाशी साचतं.

दगडाखाली माल पूर्ण भरलेला हवा, विशेषतः पुढच्या कडेला. लेव्हलसाठी चार कोपऱ्यांत मालाचे चार गोळे ठेवून दगड दाबायचा आणि मधे पोकळ सोडायचा, ही घाईची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी एका नाण्याने सगळ्या पायऱ्यांवर टकटक करा. भरीव आवाज एकसारखा येतो, पोकळ जागी तो बदलतो आणि रिकाम्या डब्यासारखा वाजतो. नोजिंगच्या मागच्या दोन-तीन इंचांत असा आवाज आला तर ती पायरी उचलून परत बसवायला सांगा. माल कोवळा असताना ती निघते. आठवड्यानंतर काढायला गेलात तर दगड तुटूनच येईल.

पांढऱ्या आणि फिकट ग्रॅनाइटखाली साधा करडा माल वापरला तर ओलाव्याचे डाग वर उमटतात, तिथे पांढरं टाइल ॲडेसिव्ह घ्यावं. बसवल्यावर दोन-तीन दिवस जिन्यावर वावर नको. घर राहतं असेल तर एकाआड एक पायरी बसवतात, पण त्यात रायझर नीट सांधत नाहीत. त्यापेक्षा तीन दिवस नातेवाईकांकडे जावं.

शेवटी मिस्त्रीबरोबर उभं राहून वरून खाली मोजत या. पायऱ्या सोळा, रायझर अठरा, नाकं अठरा. आमच्याकडे हे मोजायचं काम दगड उतरवायच्या आधी केलं असतं, तर त्या दोन पट्ट्यांवर रोज सकाळी ऊन पडलं असतं तरी मला दिसलं नसतं.